मागच्या रांगेतलं पाणी

वसाहतीच्या जाहिरातीची फिल्म मालक हंबीररावांच्या मनासारखी झाली, तर ऑफिसातला संगणक राजरत्नचा होणार होता, आणि मग सांगलीत त्याची स्वतःची पाटी लागणार होती. एवढ्या मिळकतीपोटी एक कानफटीत त्यानं आधीच खर्ची टाकली होती.

ती पहिल्या चित्रावरच बसली होती. नदीकाठचे प्लॉट खपवायला हंबीररावांना अजून न बांधलेली वसाहत पावसानं धुतलेली अशी पडद्यावर हवी होती. राजरत्ननं सरसकट सगळ्यालाच चमक दिली.

"घरांवर त्याल वतलंस व्हय रं?" म्हणत हंबीररावांनी हात चालवला.

गाल सुजलेला असतानाच तो शिकला. माती, विटा पाणी पितात, म्हणून त्यांचा रंग गडद केला. पत्रा पाणी पीत नाही. त्याचा रंग तसाच ठेवून नुसता खरखरीतपणा उतरवला, तसं त्यात आभाळ दिसू लागलं. डबकी हातानं काढायचा मात्र त्याला कंटाळा आला. मोजणीदाराच्या उंच-सखल नकाशाचं त्यानं काळंपांढरं चित्र केलं, सखल तेवढं पांढरं, आणि जिथं पांढरं तिथं आरशासारखं सपाट पाणी बसवलं. पाणी झकास दिसलं. ते कुणाच्या दारात दिसतंय, हे बघायचं राहिलं.

गिऱ्हाइकांसमोर टीव्ही लागला. पडद्यावर बंगल्यांची मागची अख्खी रांग उंबऱ्यापर्यंत बुडालेली. कवठे महांकाळचे निवृत्त सुभेदार लालासाहेब यांनी फौजेतून मिळालेला सगळा पैसा त्याच रांगेत घातला होता.

"सुभेदार, बंगल्याबरुबर होडी फुकट हाय का?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, सुभेदार सोडून. ते राजरत्नपुढं येऊन उभे राहिले.

"ह्ये पाणी तू काढलंस?"

हंबीररावांचा पंजा मागून राजरत्नच्या मानेवर आवळला. "सांग की गड्या, हौसेनं काढलं म्हणून."

राजरत्ननं एकदा संगणकाकडं पाहिलं.

"मी काढलं न्हाई, आवं. मोजणीचा नकाशा घातला. जितं जमीन खाली, तितं पाणी बसलं."

सुभेदारांनी लोखंडी खुर्ची उचलली ती सरळ हंबीररावांच्या तोंडावर. दोन दात फरशीवर पडले. हंबीररावांच्या माणसांनी सुभेदारांना भिंतीशी घेतलं आणि बरगडी मोडल्याचा आवाज येईपर्यंत लाथा घातल्या. मग राजरत्नचा उजवा हात टेबलाच्या खणात धरून खण लाथेनं बंद केला. संगणक मात्र रक्ताची चूळ टाकत हंबीररावांनी स्वतःच जिन्यावरून भिरकावला.

हिशेब मिटला तो असा. सुभेदारांनी पोलिसांतली तक्रार मागं घेतली आणि पैसे परत घेतले; बरगड्यांचा खर्च त्यांच्याच अंगावर पडला. हंबीररावांनी दात सोन्याचे बसवले. राजरत्नची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत.

फिल्म हंबीररावांनी साताऱ्यात दुसऱ्याकडून करून घेतली. तिच्यात पाणी रस्त्याच्या कडेनं, हातानं काढलेलं होतं. मागची रांग कोरडी ठणठणीत. ती बघून शालूबाई नावाच्या एका विधवेनं नवऱ्याच्या विम्याचे आलेले सगळे पैसे सुभेदारांनी सोडलेल्याच प्लॉटवर भरले.