सारांशातलं पदरचं वाक्य

सईला सोपं लिहिता येतं, असं भिवंडीतल्या तिच्या हॉस्पिटलात सगळेच म्हणत आणि सईलाही ते मनापासून पटत असे. गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा अभ्यासात भाग घेतलेल्या रुग्णांसाठी सोप्या मराठीत सारांश लिहायचं काम अभ्यासाचे प्रमुख डॉ. आल्हादनी तिलाच दिलं; रुग्णांच्या नोंदीही तीच घेत असे.

निम्म्यांना औषधाची गोळी दिली होती, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. व्यायाम सगळ्यांनाच शिकवला होता. दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं, म्हणजे गोळीचा वेगळा फायदा दिसला नाही. एवढं लिहून झाल्यावर सईला ते फार कोरडं वाटलं. मग तिने पदरचं एक वाक्य जोडलं: ‘बरं वाटलं, तो मनाचा खेळ होता.’ निबंधात असं कुठेही नव्हतं. पण वाक्य झकास जमलं होतं ना!

मसुदा आधी चार-पाच रुग्णांना वाचून दाखवायचा, अशी पद्धत. त्यांत काल्हेरचे काळूरामकाका होते. नव्या गोळीने आपण पुन्हा चालायला लागलो, हे त्यांनी गावभर सांगितलं होतं. सईने शेवटचं वाक्य वाचलं आणि शेजारचा म्हणाला, “काय रं काळूराम, म्हंजे तुझा गुडघा नाटक करत व्हता?”

सगळे हसले. काकाही हसले, जरा उशिराने. आणि सईसुद्धा हसली.

संध्याकाळी डॉक्टरांनी मसुदा पाहिला. “हे कुठून आणलंस? फरक व्यायामाने पडला असेल, दुखणं आपोआप कमी-जास्त होतं म्हणून असेल, गोळीवरच्या विश्वासानेही असेल. ते या अभ्यासात तपासलेलंच नाही. त्यांचं दुखणं कमी झालं, एवढं मात्र खरं आहे.”

सईचे कान तापले. वाक्य खोडायला क्षणही लागला नाही, पण स्वतःचं हसू आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती सुधारलेला सारांश घेऊन काल्हेरला गेली. दारात काकांची बायको गुणाबाई भेटली. “कालपासून व्यायाम न्हाय का काय न्हाय. गप बसून हायेत.”

सईने सारांश वाचला. “काका, ते वाक्य माझ्या मनाचं होतं. चूक माझी. तुम्हाला खरंच बरं वाटत होतं.”

“चांगला लिवलाय,” काका म्हणाले आणि भिंतीला धरून उठायला लागले. गुडघा सुजला होता.

“किती दुखतंय? शून्य ते दहा?” अभ्यासात दर भेटीला ती हेच विचारायची आणि काका फटकन आकडा सांगायचे.

आज त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, मग सईकडे.

“तूच सांग, पोरी,” ते म्हणाले. “माझ्या सांगन्याचा काय भरोसा?”