अठरा केबीची बाराखडी

अपूर्वच्या हिशेबानं जगात मूर्खांच्या दोनच जाती होत्या. एक, ज्यांना फॉन्टमधलं काही कळत नाही. दुसरी, ज्यांना काही कळत नाही आणि फॉन्ट मात्र तेच निवडतात. रुपरावजी दुसऱ्या जातीचे होते आणि त्या जातीत त्यांना मोठा मान होता.

रुपरावजी पारशिवनीच्या शेतकरी वधू-वर मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची वेबसाइट बनवायचं काम शहरातल्या जरीपटका वस्तीतल्या मधुसूदनभाऊंच्या कंपनीकडं आलं होतं. कंपनी म्हणजे कुलरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि अपूर्व म्हणजे त्या कंपनीचा संपूर्ण तांत्रिक विभाग. साइटसाठी रुपरावजींनी ‘मोहर’ नावाचा फॉन्ट स्वतः विकत घेतला होता. त्यातली अक्षरं अशी गुबगुबीत, की सगळी वर्णमाला नुकतीच पंगतीतून ढेकर देत उठली आहे असं वाटावं.

अडचण अशी की हा फॉन्ट विकणाऱ्याच्या सर्व्हरवरून यायचा, आणि चार जाड्या-बारीक प्रकारांसकट बिऱ्हाड घेऊन यायचा. गावात रेंज बेताची. तेवढं सामान उतरेपर्यंत फोन नावाच्या जागी काहीच दाखवत नसे. छोटे फोटो आधी येत, नावं मागाहून.

“पोरगी दिसते, नाव दिसत नाही,” रुपरावजी फोनवर ओरडले होते. “लोकं काय फोटोसंग लगन लावतीन का गा?”

मधुसूदनभाऊंनी अपूर्वला समोर बसवलं. “सुन बे. रविवारी मेळावा आहे. तिथं लोकांच्या फोनवर हे पान फटकन उघडलं, मंडळ खूश झालं, तर सोमवारपासून तू पक्का. नाही तं तू मोकळा.”

मोकळा म्हणजे बँकेच्या परीक्षेचा क्लास. आईनं तिथं चौकशीच नाही, तर बाकाची पाहणीसुद्धा करून ठेवली होती. पंख्याखालचं बाक. अपूर्वला त्या बाकाची स्वप्नं पडत होती, आणि स्वप्नातही पंखा बंदच असे.

काम तसं सरळ होतं. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर आणून ठेवायचा. चारपैकी दोनच प्रकार घ्यायचे. आत व्हिएतनामी, रशियन आणि ग्रीक अक्षरं होती, ती गाळायची. पारशिवनीत अजून ग्रीक स्थळ आलं नव्हतं. देवनागरी मात्र सगळी ठेवायची, कारण बायोडेटा लोक स्वतः भरणार आणि उद्या कोण काय आडनाव घेऊन येईल याचा नेम नाही. त्यासोबत रुपयाचं चिन्ह, अवतरणं आणि जोडाक्षरं बांधायचे नियमही ठेवायचे. मग सगळं वेबसाठीच्या दाबलेल्या फाइलमध्ये भरायचं. अपूर्वनं ते केलं. सहाशे केबीचा एकेक प्रकार सत्तर केबीवर आला. फाइल येईस्तोवर फोननं स्वतःच्याच अक्षरांत नावं दाखवावीत, अशी एक सूचनाही त्यानं लिहिली. शेवटी हुशारी म्हणून आणखी एक ओळ टाकली: ज्याच्या यंत्रात ‘मोहर’ आधीच बसवलेला असेल, त्याला तोच दाखवायचा; फाइल मागवायचीच नाही. या ओळीवर खूश होऊन त्यानं खालून समोसा मागवला.

इथवर तो शहाणा होता. मग त्यानं रुपरावजींना समजावून सांगायचं ठरवलं.

“फॉन्टमधली न लागणारी अक्षरं काढून टाकली जी,” तो म्हणाला.

“कोनाले विचारून?” रुपरावजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात बैठक बसली. भिंतीवर अंगणवाडीतून आणलेला बाराखडीचा तक्ता. खुर्चीत रुपरावजी, शेजारी सचिव वंदनाताई, आणि काही न कळता मान हलवायला मधुसूदनभाऊ.

“आता सांग,” रुपरावजींनी छडी तक्त्यावर टेकवली. “हा ङ. यानं आजवर काय काम केलं?”

“तो असतो जी,” अपूर्व म्हणाला.

“असते तं आमचा जावईही. काढा.”

ङ गेला. पाठोपाठ ञ गेला. ऋ वर चर्चा झाली, कारण वंदनाताईंच्या नातवाचं नाव ऋग्वेद होतं; ऋ राहिला. ण वर मतदान झालं.

“आपल्या इकडं ण म्हनते कोन?” रुपरावजी म्हणाले. “पानी म्हनतो, लोनी म्हनतो. पुन्यावाल्याईची चैन आहे ते. काढा.”

“पण लिहिताना...”

“लिहनारे आपलेच लोकं आहेत ना गा?”

अपूर्वनं हळूच सांगितलं, की एक अक्षर काढून अर्धा-पाऊण केबीसुद्धा वाचत नाही. मंडळानं ते असं ऐकलं, की अजून पुष्कळ अक्षरं काढायला हवीत.

“आणि हे काय आहे?” वंदनाताईंनी त्याच्या यादीवर बोट ठेवलं. “इथं तं काहीच नाही.”

“ते न दिसणारं जोडचिन्ह आहे ताई. अर्धं अक्षर अर्धंच राहावं म्हणून लागतं.”

“दिसतच नाही तं गेल्यावर कळन कोणाले? काढ.”

“बरं, सगळ्यात जड काय आहे?” मधुसूदनभाऊंनी मालक असल्यासारखं विचारलं.

“जोडाक्षरं. ती आणि त्यांचे नियम.”

“किती वजन?”

“अर्ध्याहून जास्त.”

रुपरावजी खुर्चीत मागं रेलले. “मंग नियम काढा. नियमानं कोनाचं भलं झालं?”

अपूर्वनं लॅपटॉप पुढं ओढला. ठीक आहे, त्याच्या मनात आलं, बनवतोच तुमची फाइल. डोळ्यांनी बघा, मग कळेल. ‘लग्न’ फुटून ‘लग्‌न’ दिसेल, अध्यक्षांचा ‘अध्‌यक्‌ष’ होईल, आणि ण च्या जागी फोनचं स्वतःचं किडमिडीत अक्षर येऊन उभं राहील, पैलवानांच्या फोटोत कारकून घुसावा तसं. दाखवतोच. त्यानं तिथल्या तिथं फाइल गाळली. अठरा केबी. सर्व्हरवर चढवली आणि मंडळाच्या कम्प्युटरवर पान उघडलं.

पान सुंदर दिसलं.

‘लग्न’ जोडलेलं. ‘अध्यक्ष’ अखंड. ण सुद्धा जागच्या जागी, चांगला गुबगुबीत. अपूर्वनं पान पुन्हा मागवलं, साठवलेलं सगळं पुसून मागवलं. तरी सुंदर.

“पाह्यलं?” रुपरावजी म्हणाले. “तू उगाच सत्तर-सत्तर करून राहिला होता.”

“ण काढला तरी ण दिसून राहिला वं माय,” वंदनाताईंनी स्क्रीनला हात जोडले.

अपूर्वनं त्या कम्प्युटरातल्या फॉन्टची यादी उघडली. लग्नपत्रिका छापायला मंडळानं याच कम्प्युटरात ‘मोहर’ अख्खा बसवला होता. आणि ज्याच्याकडं बसवलेला आहे त्याला फाइल मागवायची नाही, ही ओळ कोणाची? त्याची. म्हणजे मंडळाचा मूर्खपणा झाकायला स्वतःच्या हुशारीची चादर त्यानंच पसरली होती.

त्यानं समजावून पाहिलं. “हा इथला फॉन्ट दिसून राहिला जी, सर्व्हरवरचा नाही. ताईंच्या फोनवर बघा.”

फोनवर पाहिलं. तिथं लग्न फुटलेलं होतं.

“वंदना, तुझा फोन पडला होता ना वं मागं?” रुपरावजी म्हणाले.

“हो ना भाऊजी. बाथरूममध्ये.”

विषय मिटला. ठराव मंजूर झाला, आणि फ्लेक्स छापायला गेला: ‘देशातील सर्वात हलकी बाराखडी, फक्त १८ केबी’. बाहेर आल्यावर मधुसूदनभाऊंनी अपूर्वच्या पाठीवर थाप मारली. “मंडळ खूश आहे. आता हात नको लावू. पक्का समज स्वतःला.”

अपूर्वनं हात लावला नाही. पक्का हा शब्द कानाला फार गोड लागतो, आणि त्या बाकावरचा पंखा अजूनही बंदच होता.

रविवारी पारशिवनीच्या मंगल कार्यालयात मेळावा भरला. मंचावर मंडळाचा कम्प्युटर, मोठ्या पडद्याला जोडलेला. पडद्यावर सगळं देखणं. मांडवातल्या शेकडो फोनांवर मात्र सगळं फुटलेलं. बाप लोक फोन पडद्यासमोर धरून एकेक अक्षर जुळवू लागले. एका मुलाच्या बायोडेटात ‘व्यसन नाही’ मधला ‘व्य’ मोडला होता, तर मुलीकडचे विचारत होते की व्यसन मोडलं म्हणजे आधी होतं का. एका म्हातारबुवांनी आपल्या नातीचं लग्न पायमोडकं दिसतं म्हणून नाव मागं घ्यायची भाषा केली.

रुपरावजींनी माईक धरला. “घाबरू नका! फॉन्टचं शास्त्र असं आहे, की तो यंत्राच्या रक्तात असावा लागते. आमच्या यंत्रात आहे, तुमच्या नाही. म्हनून मंडळ आजपासून ‘घर तिथे फॉन्ट’ अभियान जाहीर करून राहिलं. घरोघरी येऊन बसवून देऊ. हात वर करा!”

हात वर झाले. फोनमध्ये असा फॉन्ट बसवता येत नाही, हे सांगायला कोणी उठलं नाही.

अपूर्व मंचाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसला होता. गप्प बसला असता तर तो उद्या पक्का होता. सत्यासाठी उठणाऱ्यांपैकी तो नव्हताच. लोकांच्या लग्नांचंही त्याला फारसं काही नव्हतं. पण फॉन्टचं शास्त्र, आणि तेही रुपरावजींच्या तोंडून, माईकवरून! इतकी मोठी शिक्षा बँकेच्या क्लासमध्येसुद्धा देत नसतील. त्यानं सर्व्हरवरची आपलीच हुशार ओळ पुसली, मंचावर चढला आणि पान पुन्हा मागवलं.

पडदा फुटला. रुपरावजींच्या डोक्यावर हातभर मोठ्या अक्षरांत ‘अध्‌यक्‌ष’ लटकू लागला.

मांडवात हशा झाला. “अध्यक्षाचे पाय बाहेर आले!” कोणीतरी ओरडलं.

“काय केलं बे हे?” मधुसूदनभाऊ धावत आले.

“सगळ्यांना जे दिसतं ते दाखवलं.”

“हे आत्ता मोडलं, तुह्या हातानं!” रुपरावजी कडाडले. “आत्ताच्या आत्ता जोडून दे!”

“काढलेली अक्षरं परत घ्यावी लागतील. नियमसुद्धा.”

“घे, जे पाह्यजे ते घे!”

त्यानं पहिली, सत्तर केबीची फाइल नव्या नावानं चढवली, म्हणजे फोन जुनीच धरून बसणार नाहीत. लोकांनी पान पुन्हा उघडलं. आधी साध्या अक्षरांत नावं आली, मग क्षणात ती मोहरून जाड झाली. सगळ्या मांडवात लग्न जुळलं, ण परतला, आणि म्हातारबुवांची नात पुन्हा यादीत आली.

मंडळानं जेवणाआधी तातडीची बैठक घेतली. निष्कर्ष स्पष्ट होता. अपूर्वनं ओळ पुसायच्या आधी पडदा चांगला होता, पुसल्यावर फुटला, म्हणजे बिघाड त्याचा. ओळ मुळात कोणी लिहिली होती? त्यानंच. म्हणजे दोनदा त्याचा. अक्षरं कमी करण्यात मंडळाची काहीच चूक आढळली नाही.

“मग मी मोकळा?” अपूर्वनं विचारलं. त्याच्या आवाजात थोडी आशासुद्धा होती.

“मोकळा कसा?” मधुसूदनभाऊ म्हणाले. “लोकांच्या फोनवर पान उघडलं ना फटकन? बोललो तं बोललो. तू पक्का.”

“आनि अभियान जाहीर झालं आहे,” रुपरावजी म्हणाले. “हात वर झाले आहेत. आता मागं घेता येत नाही.”

“पण आता कोणाकडं फॉन्ट बसवायची गरजच नाही जी.”

“गरज नसन. अभियान आहे ना?”

सोमवारपासून अपूर्व पक्का झाला. मधुसूदनभाऊंच्या स्कूटरवर, खिशात पेनड्राइव्ह घालून, तो गावोगाव फिरतो. पहिल्या घरी कम्प्युटर नव्हता. घरच्यांनी मंडळाचा माणूस म्हणून चहा दिला, आणि फॉन्ट बसवायला पुढच्या खोलीतली भिंत मोकळी करून दिली.