चहाबरोबरचा खुलासा

आदेशाच्या दुसऱ्या परिच्छेदात 'दिनांक' या शब्दापुढे टिंबांची एक ओळ होती. तिच्या मध्यावर निळ्या शाईचा बारीक ठिपका दिसत होता. कुणीतरी तारीख लिहायला पेन टेकवलं असावं आणि तसंच उचललं असावं. पुढे छापील मजकूर चालू होता : '...रोजी सादर केलेला आपला खुलासा समाधानकारक नसल्याने समता महिला बचत गटाच्या रास्तभाव दुकानाचे प्राधिकारपत्र रद्द करण्यात येत आहे.'

माधुरीला हे वाक्य फार आवडलं होतं. खुलासा आला म्हणायचं आणि कधी आला तेच सांगायचं नाही. बीएस्सीच्या प्रयोगवहीची शिस्त घेऊन वकिलीत आल्यामुळे तारखेची रिकामी जागा दिसली की तिचे हात शिवशिवत. संगमनेरला कोर्टाजवळच्या आपल्या छोट्या ऑफिसात ती सकाळपासून याचिका लिहीत होती. हायकोर्टाच्या खंडपीठात ती दाखल करणार होत्या संभाजीनगरच्या वकील राजेश्वरी मॅडम. मसुदा इंग्रजीत असल्यामुळे माधुरी एकेक परिच्छेद मराठीत सांगायची आणि समोर बसलेल्या राहीबाई मान डोलवायच्या. राहीबाई गटाच्या अध्यक्ष. शेजारी सचिव ज्योती, भेळेचा पुडा मांडीवर घेऊन.

"कारणांमध्ये पहिलं," माधुरी म्हणाली, "नोटीस नाही, सुनावणी नाही. दुसरं, दोष काय ते आदेशात लिहिलेलंच नाही. आयुक्तालयात दाद मागायची सोय असताना थेट हायकोर्टात का आलात, असं विचारतील. त्याला उत्तर हेच, की आपलं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही. खुलासा मागितला नाही, म्हणून गटाने दिला नाही."

"दिला हुता की," राहीबाई म्हणाल्या.

माधुरीची बोटं कीबोर्डवरच थांबली. "कुणाला?"

"तपासनीला आलेल्या सायबांना. पुष्पावतीआजीचा अंगठा मशीनवर उमटत न्हाई, तरी तिला धान्य दिलं, असं सांगितलं मी. चहा देताना."

"लेखी?"

"चहाबरोबर लेखी कोन देतं, माधुरीताई?"

"बिस्किटं दिली हुती बरोबर," ज्योतीने भर घातली.

माधुरीने राजेश्वरी मॅडमना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "लिही की तेही. आपण लपवलं आणि सरकारी वकिलांनी सांगितलं, तर याचिका तिथेच संपेल." माधुरीने वाक्य खोडून नवं लिहिलं : तपासणीच्या वेळी अध्यक्षांनी तोंडी माहिती दिली, मात्र ती काही नोटिशीला दिलेलं उत्तर नव्हे, आणि त्यामुळे सुनावणीची गरज संपत नाही. अंगठा उमटत नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये, हे सरकारचंच पत्र तिने सोबत जोडलं. वाक्य आधीपेक्षा लांबलं, पण आता ते खरं होतं.

"आता तातडी," ती म्हणाली. "नव्या दुकानासाठी अर्ज मागवलेत, मुदत शुक्रवारी संपते. एकदा दुसऱ्याला परवाना मिळाला की त्याचा हक्क तयार होतो, मग गुंता वाढतो. म्हणून निकाल लागेपर्यंत आदेशाला स्थगिती द्या आणि दुकान दुसऱ्याला देऊ नका, असं मागायचं. पण आदेश गेल्या महिन्यातला. कोर्ट विचारेल, इतकी घाई होती तर इतके दिवस काय करत होता?"

"ह्या इचार करत हुत्या," ज्योती म्हणाली. "रोज उद्या सांगते म्हनायच्या. माझं जेवन जाईना."

"तुझं जेवन?" राहीबाईंनी भेळेकडे पाहिलं. "पुरवठा हापिसातला मानूस म्हनला, चूक झाली एवढं लिहून द्या, दुकान परत मिळल. निम्म्या बाया म्हनतात, द्या लिहून. घर चालतंय त्याच्यावर."

"आपण कारण विचारायला अर्ज दिला होता, त्याचं उत्तर आलं नाही. तो अर्ज आणि हे आश्वासन, दोन्ही लिहिते," माधुरी म्हणाली. "पण मावशी, शपथपत्रावर सही तुमची. खाली नोटरी पाचला उठतात. अर्धं मन असेल तर मी हे पाठवणार नाही."

"आन् माफी लिहून दिली तर?"

"तर दुकान कदाचित मिळेल. लेखी हमी कुणी दिलेली नाही. आणि पुष्पावतीआजींना धान्य दिलं ती चूक होती, हे तुमच्या सहीनं कागदावर राहील. पुढच्या वेळी अंगठा नाही उमटला, तर त्यांना परत पाठवावं लागेल."

खालून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. ज्योतीने भेळेचा पुडा राहीबाईंपुढे केला, त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

"त्या बायांना काय सांगू मग?" ज्योतीने विचारलं.

राहीबाईंनी पदर सावरला आणि खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या.

"सांग, राही माफी लिहून देनार न्हाई. कोर्टात जायचं. चला माधुरीताई, सही कुठं करायची?"