चांदणी नसलेला आकडा

इंदापूरच्या त्या लॅबमध्ये दुपारी एकनंतर गर्दी ओसरायची. उपाशीपोटी आलेली माणसं रक्त देऊन चहाच्या ओढीनं निघून गेलेली असायची, आणि रिपोर्ट न्यायला येणारी अजून यायची असायची. माधवीताई तेवढ्या वेळात पाय खुर्चीवर घ्यायच्या. एकतीस वर्षं उभ्यानं काम करून पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या.

त्या गुरुवारी पाय वर घेतले न घेतले तोच काचेच्या दारातून एक म्हातारी आत आली. दाराची चौकट धरून, मग खुर्चीची पाठ धरून, मग टेबलाची कड धरून. हातात घडी पडून मऊ झालेला रिपोर्ट.

"ताई, मी बावड्याची. प्रयागबाई. मागल्या आठवड्यात रगत दिलं हुतं."

"आठवतंय मावशी. बसा. शीर सापडत नव्हती तुमची."

"तुमालाच सापडली म्हणून तुमच्याकडंच आले." प्रयागबाई बसल्या. रिपोर्ट टेबलावर पसरून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं तेवढी एक चांदणी काढून द्या."

माधवीताईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी चष्मा लावला. ज्या आकड्यात काही कमी-जास्त असेल त्याच्यापुढे मशीन एक चांदणी छापायचं आणि आकडा ठळक व्हायचा. प्रयागबाईंच्या रिपोर्टवर एकच चांदणी होती, ड जीवनसत्त्वापुढे. चोवीस, आणि शेजारी छापलेलं की तीसच्या वर हवं. बोट मात्र होतं खालच्या ओळीवर. बी-बारा, दोनशे चार. शेजारी मर्यादा, एकशे सत्त्याऐंशी ते आठशे त्र्याऐंशी. चांदणी नाही.

"ही कशाला हवी तुम्हाला?"

"ल्योक चांदणी वाचतो," प्रयागबाई म्हणाल्या. "बाकी काय वाचत न्हाय."

मग सगळं बाहेर आलं. आठ महिने तळपायांना मुंग्या. पायातली चप्पल कधी निसटते ते कळत नाही, घरी येईस्तोवर ती एकाच पायात उरलेली. तोंड धुताना डोळे मिटले की अंग एका बाजूला कलतं, म्हणून एक हात भिंतीला लावून तोंड धुवायचं. गेल्या महिन्यात पहाटे गोठ्यात अंधारात तोल गेला आणि प्रयागबाई गाईच्या पायांतच पडल्या. गाय शहाणी, पाय उचलून बाजूला झाली. पण मुलानं, ज्ञानेशनं, ते पाहिलं.

"त्यो म्हनला, आई, तुझ्याच्यानं आता गोठा व्हायचा न्हाय. माझी छकुली गाय इकायला काढलीय त्यानं. रविवारी मोरगावकडचा माणूस न्यायला येनार. बाटलीनं दूध पाजून वाढवली ताई ती मी, तिची आई मेली तवा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बारामतीच्या डॉक्टरांनी तपासाय सांगितलं. म्हनले रिपोर्ट घेऊन परत या. पर ज्ञानेशच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. त्यानं बघितला. म्हनला, एक व्हिटॅमिन डी तेवढं कमी हाय, बाकी समदं मर्यादेत बसलंय. मेडिकलातनं पुड्या आणल्या त्याच्या, आठवड्याला एक. परत कशाला जायाचं बारामतीला?"

माधवीताई हसल्या नाहीत. ज्ञानेश त्यांना माहीत होता. गावच्या दूध केंद्रावर तो दूध मोजायचा. फॅट साडेतीनला लागली की दूध घ्यायचं, खाली आली की कॅन परत. दोन वेळा, रोज, पंधरा वर्षं. ज्याची अख्खी जिंदगी पास-नापासात गेली तो रक्ताकडे दुसऱ्या कोणत्या नजरेनं बघणार?

"मावशी, साखरेच्या आजाराची गोळी किती वर्षं घेताय?"

"बारा तरी झाली. सकाळ-संध्याकाळ."

"आणि दूध? मटण, अंडी?"

"माळकरी हाय मी. आन् दूध कुठलं? चारी गाईंचं समदं डेअरीला जातं. चहा कोराच आमच्यात."

चार गाई दावणीला आणि चहा कोरा. माधवीताईंनी रिपोर्ट उलटा ठेवला.

खरी गोष्ट अशी होती की गेल्या दिवाळीपर्यंत लॅबमध्ये दुसऱ्या कंपनीचं मशीन होतं आणि त्याची बी-बाराची खालची मर्यादा दोनशे अकरा होती. हाच दोनशे चार त्या वेळी छापला असता तर चांदणी आपोआप पडली असती. नवीन मशीन आलं, त्याचा कागद आला, कागदावर एकशे सत्त्याऐंशी होतं, त्यांनीच ते कॉम्प्युटरमध्ये भरलं होतं. दोन मशीनचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतही नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण म्हणून बावड्याच्या बाईचे पाय दिवाळीनंतर काही सुधारले नव्हते.

पूर्वी असं नव्हतं. त्या कामाला लागल्या तेव्हा लॅबचे थोरले डॉक्टर, देवधर, होते. रिपोर्ट ते शाईच्या पेनानं लिहायचे. रक्ताचा रंग नळीतल्या रंगाशी ताडून हिमोग्लोबिन काढायचं, आणि कागद देण्याआधी ते पेशंटला बोलवून बसवायचे. जीभ दाखवा, पाय पुढे करा. आकड्याखाली एक ओळ लिहायचे, कधी दोन. ती ओळ आता प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी छापलेली असते, लक्षणांशी ताडून पाहावे, इतक्या बारीक अक्षरात की ती वाचायला भिंग लागतं. देवधरांना जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांच्या खुर्चीवर आता प्रिंटर होता.

"काढा की ताई. निळ्या पेनानं काढली तरी चालंल."

एका चांदणीला कितीसा वेळ लागतो? माधवीताईंचा हात पेनापर्यंत गेलाही. मग त्यांनी तो मागे घेतला.

"मावशी, तेवढं मला जमणार नाही. आज तुमच्या भल्यासाठी काढली, तर उद्या कोणीतरी पुसायला येईल. पण थांबा."

त्यांनी बारामतीच्या डॉक्टर जगदाळ्यांना फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे पेशंटांचा गलका ऐकू येत होता. माधवीताईंनी आकडा सांगितला, मुंग्या, तोल, साखरेची गोळी, सगळं सांगितलं, आणि स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"दोनशे चार?" डॉक्टर म्हणाले. "आणि मला कोणी दाखवायला आलं नाही?"

"चांदणी नव्हती," माधवीताई म्हणाल्या.

पलीकडे एक सुस्कारा ऐकू आला. दिवसभरात असे किती टाकले असतील त्यांचं त्यांना माहीत.

"आजी, ऐका. ती मर्यादा असते ना, ती कंपनीनं शेकडो बऱ्या दिसणाऱ्या लोकांचं रक्त तपासून काढलेली असते. दोन्ही टोकांचे थोडे सोडायचे, मधले शंभरातले पंच्याण्णव धरायचे. म्हणजे बहुतेकांचं किती असतं तेवढंच ती सांगते. तुमच्या पायांना किती लागतं, ते सांगत नाही. दोनशेच्या खाली गेलं तर बहुतेक वेळा कमतरता असतेच. दोनशे ते तीनशे ही मधली जागा, नक्की सांगता येत नाही. पण ज्याला मुंग्या आहेत, तोल जातोय, ती गोळी बारा वर्षं चालू आहे, त्याला मी मधल्या जागेत ठेवत नाही. ती गोळी हे जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही. मला तुमचं चारशेच्या वर हवं."

"आन् त्या चांदणीवाल्याचं?" प्रयागबाईंनी फोनकडे वाकून विचारलं. "पुड्यांचं?"

"चोवीसला मी घाबरत नाही. पुड्या आठवड्याला एकच घ्या, सांगितल्यापेक्षा जास्त नको. पण पाय त्यानं बरे होणार नाहीत."

डॉक्टरांनी माधवीताईंना सांगितलं, बी-बाराचं इंजेक्शन देण्याआधी आणखी एकदा रक्त काढा, होमोसिस्टीनसाठी. बी-बारा पेशींना पुरत नसलं की ते वाढतं. तो नमुना पुण्याला पाठवा. पण त्याच्या निकालाची वाट बघू नका, आजच सुरू करायचं. शेजारच्या दवाखान्यात चिठ्ठी पाठवतो.

"पाय परत येतील का?" प्रयागबाईंनी विचारलं.

"आठ महिने झालेत आजी. थोडे नक्की येतील. सगळे येतील असं मी म्हणत नाही."

माधवीताईंनी रक्त काढलं, नळी लगेच यंत्रात फिरवून रक्तातलं पाणी वेगळं केलं, ते बर्फात ठेवलं. मग ज्ञानेशला फोन केला. तो केंद्रावर होता, मागे कॅन आपटत होते.

"इंजेक्शन द्या की ताई, मी कुठं न्हाय म्हनतोय," तो म्हणाला. "पर गाईचं नका सांगू. उद्या खुब्याचं हाड मोडलं तर तुमी येनार हाय का करायला? रिपोर्ट मी स्वतः वाचलाय. वय झालं की पाय जात्यातच."

"वयामुळे नाही ते, ज्ञानेश."

"मग रिपोर्टात का न्हाय?"

त्याला काय सांगायचं? मधले पंच्याण्णव सांगायचे? जुनं मशीन सांगायचं? माधवीताईंनी सांगून पाहिलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, शब्द दिलाय माणसाला, आणि फोन ठेवला. पोरगा वाईट नव्हता. त्याला आई पडलेली दिसली होती. दोनशे चार दिसत नव्हतं.

रविवारी छकुली गेली.

पुण्याचा निकाल मंगळवारी आला. होमोसिस्टीन, पंधराच्या आत हवं ते अडतीस. पुढे चांदणी, ठळक. तो कागद न्यायला ज्ञानेश स्वतः आला, हेल्मेट काखेत धरून. बराच वेळ तो टेबलापाशी उभं राहूनच वाचत होता.

"हे गुरुवारी का न्हाय दिलं?"

"गुरुवारी माझ्याकडे नव्हतं."

"तुमाला तर ठावं हुतं."

"होतं," माधवीताई म्हणाल्या. आपण पेन उचललं असतं तर गाय राहिली असती, हे त्यांनी रविवारपासून बऱ्याचदा घोळवलं होतं. पेन न उचलणं बरोबर होतं, यात त्यांना शंका नव्हती. बरोबर असून काही हलकं वाटत नव्हतं.

"त्या माणसाला फोन केला मी," ज्ञानेश म्हणाला. "म्हनला गाय परत मिळायची न्हाय. रुळलीय म्हनला आमच्यात."

दोन महिन्यांनी प्रयागबाई साखर तपासायला आल्या. दाराची चौकट धरली, पण टेबलाची कड धरली नाही. इंजेक्शन आता महिन्याला एक होतं. उजवा पाय बराच आला होता, डावा अंगठ्यापासून घोट्यापर्यंत अजून लाकूडच होता.

"बी-बारा परत बघायचं का?" माधवीताईंनी चिठ्ठी चाळत विचारलं. "डॉक्टरांनी लिहिलेलं नाही."

"न्हाय म्हनले. इंजेक्शन चालू असताना आकडा वरच येनार, त्याला अर्थ न्हाय. त्यांनी डोळं मिटून उभं करून बघितलं मला."

"मग?"

"ऱ्हायले उभी. दहापर्यंत मोजलं त्यांनी." प्रयागबाईंनी दंड पुढे केला. "दोन्ही हातांनी तोंड धुते आता. भिंत धरावी लागत न्हाय."

माधवीताईंनी पट्टा आवळला. शीर शोधायला वेळ लागला.

"आणि गोठा?"

"अनिता करती. सून." त्या सुईकडे न बघता खिडकीबाहेर बघत होत्या. "ज्ञानेश म्हनतो, दुसरी घे. म्हनलं बघू. बाटलीनं पाजायला आता मला उठबस व्हायला पायजे."

"मूठ सोडा," माधवीताई म्हणाल्या, आणि त्यांनी मूठ सोडली.