टोपलीतला पलंग

मामांचं पत्र येऊन सहा आठवडे झाले होते, आणि भाच्याने त्याचं उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र डब्याच्या पिशवीत रुमालाखाली असायचं. रोज दुपारी डबा काढताना ते हाताला लागायचं.

त्याचं नोकरीचं ठिकाण म्हणजे घरसामान विकणारं एक ऑनलाइन दुकान. लोक तिथे येत, एखादी वस्तू टोपलीत टाकत आणि विकत न घेता निघून जात. अशा लोकांना त्याच वस्तूची जाहिरात इतर पानांवर दाखवत राहणं आणि त्यांना परत बोलावणं, हे त्याचं काम. लोक वैतागू नयेत म्हणून एका माणसाला दिवसातून किती वेळा जाहिरात दाखवायची, ती मर्यादाही तोच ठरवत असे. तीन वेळा. त्या तीनचा त्याला थोडा अभिमानही होता. बाकी आयुष्यात त्याने अभिमान वाटावा असं फारसं काही केलं नव्हतं. लहानपणी मामांनीच त्याला वाढवलं आणि 'गोगलगाय' हे नावही त्यांनीच ठेवलं.

मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पत्र तिथूनच लिहिलेलं होतं.

'चि. गोगलगाय, तुझ्या मामीला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, यापुढे ती फार दिवस आपली आपण उठूबसू शकणार नाही. म्हणून तुमच्याकडचा तो डोक्याकडून वर होणारा पलंग बघितला. आधी फोनवर, मग चित्र मोठं दिसतं म्हणून टॅबलेटवर, मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर. तिन्हीकडे टोपलीत टाकला. पण तिला न सांगता घरात आणायचा कसा, या विचाराने काढून टाकला. तेव्हापासून तो माझ्या मागे लागला आहे. बातम्या उघडल्या की पलंग, हवामान उघडलं की पलंग. काल मोजला, अकरा वेळा आला. तिला टॅबलेटवर शब्दकोडी सोडवायची सवय. पलंग दिसला की मी मध्येच हात घालून पान बदलतो. ती म्हणते, तुम्हाला झालंय तरी काय? तू तिथेच आहेस, तेवढं थांबव. फोन करू नकोस, माझा फोन घरी तिच्या उशाशीच असतो. दुकानाच्या पत्त्यावर दोन ओळी टाक.'

अकरा हा आकडा वाचून भाच्याला पहिल्यांदा रागच आला. मर्यादा तीनची असताना अकरा कसे? मग त्याने बसून हिशेब मांडला आणि त्याचे कान गरम झाले. त्याची मर्यादा माणसाला ओळखतच नव्हती. ती यंत्र ओळखायची. मामांची तीन यंत्रं म्हणजे तिच्या लेखी तीन अनोळखी माणसं. त्यात जाहिरात दाखवणाऱ्या कंपन्या दोन, आणि दोघींची मोजणी वेगळी, एकीला दुसरीचा पत्ता नाही. त्याच्या पडद्यावर मात्र रोज हिरव्या अक्षरांत यायचं: दर माणशी सरासरी दोन.

त्याने मामांना वगळायचा प्रयत्न केला. वगळायच्या यादीत ईमेल टाकावा लागतो, आणि मामांनी नाव-पत्ता काहीच न देता पलंग निवडला होता. हजारो निनावी टोपल्यांतली त्यांची कोणती, हे सांगणं शक्य नव्हतं.

मग तो मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. मॅडम त्याच्या वरिष्ठ, वयाने मात्र पंधरा वर्षांनी लहान.

"काका, बसा ना. उभे राहिलात की मला शाळेत असल्यासारखं वाटतं."

तो बसला. "तो वर होणारा पलंग. त्याची जाहिरात बंद करता येईल का?"

"आपला सगळ्यात जास्त परत येणारा माल आहे तो. म्हणजे गिऱ्हाईक परत येतं, पलंग नाही," त्या हसल्या. "का बरं?"

"तो आजारी माणसाचा पलंग आहे. एकदा बघितला म्हणून कोणाच्या मागे मागे दाखवणं बरं नाही. आजारपणाच्या वस्तूंना तसं करायला जाहिरात कंपन्यांची परवानगीही नाही."

"म्हणून तर तो आजारपणाच्या वस्तूंत नाहीये. बेडरूमच्या सामानात आहे." त्या थांबल्या. "तुम्हीच हलवलात ना, काका? मागच्या वर्षी. मला वाटलं होतं, काय डोकं चालवलंय."

त्यानेच हलवला होता. तेव्हा शाबासकी मिळाली होती आणि टेबलावर एक कुंडी.

"मर्यादा कमी करा हवी तर," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "तेवढं तुमच्या हातात आहे. पलंग हलवायचा तर वरून परवानगी लागेल. मी विचारते, पण आशा ठेवू नका."

त्याने तीनची एक केली. तीन यंत्रं, दोन कंपन्या, तरीही सहा होतच होते. सगळं नीट थांबवू आणि मगच मामांना लिहू, असं त्याने ठरवलं. पलंग बेडरूममध्ये आपणच नेला हे कागदावर कसं उतरवायचं, हा खरा प्रश्न होता. तीनदा लिहायला बसला, तीनदा 'ती. मामांस' याच्या पुढे पेन गेलं नाही.

सहाव्या आठवड्यात ताईचा, म्हणजे मामांच्या मुलीचा, फोन आला.

"आईला कळलं."

"कसं?"

"काल बाबा अंघोळीला गेले होते. शब्दकोड्याशेजारी तो पलंग आला म्हणे. बाबा बाहेर आले तर ही विचारते, हा कधी आणताय? आणि निळी गादी नको, मळखाऊ रंगाची घ्या." ताईचा आवाज फाटला. "मग बाबांना समोर बसवून सगळं काढून घेतलं. बाबा आज दुकानात गेलेच नाहीत."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"तुझ्याबद्दल? नाही. रोज पोस्टमनला मात्र विचारायचे."

फोन ठेवून त्याने पत्र उघडलं आणि पहिल्यांदाच उलटं केलं. मागच्या बाजूला काहीतरी होतं, हे त्याने सहा आठवडे पाहिलं होतं आणि तक्रारच असणार म्हणून सोडून दिलं होतं.

'ता. क. मी रोज तिन्हीकडे टोपली उघडून बघतो. रिकामीच असते. तरी तो येतोच.'

तो पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत राहिला. जाहिरात कोणाला दाखवायची, या त्याच्या ऑफिसच्या यादीचा नियम साधा होता. टोपलीचं पान उघडलं की माणूस तीस दिवस यादीत, आणि शेवटची टाकलेली वस्तू त्याच्या मागे. टोपली रिकामी आहे का, हे यादी विचारत नव्हती. पुन्हा पान उघडलं की पुन्हा तीस दिवस. पलंग गेला का हे बघायला मामा रोज जात होते, आणि रोज स्वतःच त्याला आणखी महिनाभर बोलावून येत होते. नियम त्याच्या टेबलावर तयार झालेला, पेन त्याच्या खिशात. टोपली उघडू नका, एवढे तीन शब्द पहिल्याच दिवशी टाकले असते, तर तीस दिवस कधीच उलटून गेले असते.

त्याने मॅडमना जाऊन विचारलं. वरून उत्तर आलं होतं: सध्या नाही.

मग तो जिन्याखालच्या बाकावर बसला आणि मांडीवर डबा, डब्यावर कागद ठेवून त्याने लिहिलं. पलंग कोणी हलवला, ते लिहिलं. मर्यादा यंत्रं मोजते, माणसं नाही, हे लिहिलं. टोपली उघडू नका, म्हणजे तीस दिवसांनी तो यायचा थांबेल, हेही लिहिलं. मामीकडे तीस दिवस आहेत का, हे त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. तीस दिवसांचं ते वाक्य ठेवावं की खोडावं, यात बराच वेळ गेला. ठेवलं. खाली लिहिलं, 'उशीर झाला. मामीला नमस्कार सांगा. तुमचा गोगलगाय.'

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी येऊन त्याने पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. मागे एक बाई हातात पाकीट घेऊन उभी होती.

"टाकताय ना?" ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि सोडलं.