अपील अलाऊ झालं

मामाच्या ऑफिसात वकिली शिकायला आली तेव्हा वकीलताईने पहिल्याच आठवड्यात मामाच्या पत्रांना नाक मुरडलं होतं. तेही साहजिकच होतं म्हणा. झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांतून जी पत्रं बाहेर पडत, ती सगळी 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरू होत. मग बिचारे अशील तेच पत्र हातात घेऊन, जिना चढून, धापा टाकत यायचे आणि विचारायचे, "साहेब, यात काय लिहिलंय?" मामा ते पुन्हा बोलून सांगायचे. म्हणजे एकच काम दोनदा!

ताईने सूत्रं हातात घेतली आणि मोबाइलवर लिहायला लागली. "काका, उद्या अकराला कोर्टात या. भाड्याच्या ओरिजिनल पावत्या आणा, झेरॉक्स चालणार नाही." झालं. जिना चढणं बंद, धापा बंद. अशील खूश, ताई त्याहून खूश.

मामा मात्र कुरकुरले. "अगं, कोर्टाचा मामला आहे हा, सोसायटीचा ग्रुप नाही."

"मामा, तुम्ही 'तहकूब' लिहिलंत की लोक घाबरतात. मी 'पुढची डेट पडली' लिहिते. कुणाला कळत नाही, सांगा!"

"डेट कळवायला चालेल तुझी भेसळ. पण कोर्टाने काय ठरवलं ते सांगताना जपून. तिथे इंग्रजी शब्द आला तर खाली त्याचा अर्थ लिही. माझा मराठी शब्द आला तरी लिही. अशिलाला पोचेल असं लिही म्हणजे झालं."

"हो हो," ताई म्हणाली. या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

तिचा सगळ्यात लाडका अशील म्हणजे चष्मेवाले काका. चौकातल्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं चिंचोळं दुकान होतं. एका भिंतीवर फ्रेमा आणि समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. वरती अक्षरं ही मोठ्ठी आणि खाली मुंगीएवढी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या दुकानात काढली होती. पोरीचं शिक्षण त्याच दुकानावर, लग्नही त्यावरच. मालकाला आता ती जागा हवी होती, म्हणून त्याने दावा लावला. खालच्या कोर्टात तो हरला आणि अपिलात गेला, तेही मुदत उलटून गेल्यावर.

ताईने तेव्हा काकांना नीट समजावलं होतं. "काका, मालकाने अपील उशिरा केलंय. आता आधी कोर्ट ठरवणार, की हे उशिराचं अपील घ्यायचं की नाही."

"म्हणजे अजून ते अपील आत शिरलेलंच नाही?"

"अगदी बरोबर!"

काकांचा जीव भांड्यात पडला. "तुमचं बरं पडतं ताई, आपल्या बोलण्यात सांगता. आणि इंग्रजीचं म्हणाल तर मला काही अडत नाही हो. मी तर रोज लोकांना इंग्रजीच वाचायला लावतो!" तक्त्याकडे बोट दाखवून ते एवढे हसले, की समोरच्या खुर्चीतलं गिऱ्हाईकही हसायला लागलं.

पुढे कोर्टाने उशीर माफ केला. ताईने मेसेज टाकला, "काका, डिले कंडोन झाला. आता मेन मॅटर चालेल." काकांचं उत्तर आलं, "ओके ताई." काय ओके, कुणास ठाऊक! ताईनेही विचारलं नाही. ओके आलं म्हणजे पोचलं, असा तिचा हिशेब.

मग त्या अपिलात युक्तिवाद करायला मामांनी तिलाच उभं केलं. तिचं पहिलं अपील! ती बोलली चांगली, पण निकाल लागला तो मालकाच्या बाजूने. न्यायाधीशांनी सांगितलं, अपील अलाऊ. खालचा निकाल रद्द, दुकानाचा ताबा मालकाला द्यायचा. ताईने घाईघाईने वेळ मागून घेतला आणि जागा सोडायला आठ आठवडे मिळाले. तेवढ्यात वरच्या कोर्टात जाता येणार होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून तिने मोबाइल काढला. लिहिलं, "काका, आपण हरलो." ते दोन शब्द तिच्याच्याने बघवेनात. पहिलंच अपील, आणि हरलो? काका काय म्हणतील? तिने ते पुसलं. मग मामांच्या थाटात 'अपील मंजूर करण्यात आले' असं लिहून बघितलं. तेही जड वाटलं, पुसलं. शेवटी बोटं आपोआप सवयीच्या वळणावर गेली. "काका, अपील अलाऊ झालंय. आठ वीक्सचा टाइम घेतलाय. ऑर्डरची कॉपी आली की पुढचं डिस्कस करू. टेन्शन नको."

वाचायला किती गोड! कुणी हरल्यासारखं वाटतच नव्हतं. काकांचं उत्तर लगेच आलं, "ओके ताई. लढू या."

ताईला हायसं वाटलं. काकांना कळलं, वर ते लढायलाही तयार आहेत, आणखी काय पाहिजे? तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चहा प्यायला गेली.

निकालाची नक्कल हातात यायला बरेच दिवस गेले. वरच्या कोर्टासाठी वकीलपत्रावर काकांची सही हवी होती, म्हणून ती कागद घेऊन दुकानात गेली, आणि दारातच थबकली. एका भिंतीला ताजा रंग लावलेला. कोपऱ्यात डोळे तपासायचं नवंकोरं यंत्र, अजून प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं.

"या ताई, या! कसं वाटलं?" काका म्हणाले. "म्हटलं अपील आता कुठे आत शिरलंय, ते चालायला चार-पाच वर्षं तरी जातील. तोवर गिऱ्हाईक का तुटू द्यायचं?"

ताईला आधी काही उमगेचना. "आत्ता शिरलंय?"

"तुम्हीच नाही का कळवलंत? अलाऊ झालं म्हणून. उशिराचं होतं, तरी घेतलं कोर्टाने. आणि आपल्याला तयारीला आठ आठवडे. मी तर सुटकेचा निःश्वास टाकला. औषधवाला मागे लागला होता, त्याचाच शेजारचा गाळा रिकामा झालाय, घेऊन टाका म्हणून. त्याला म्हटलं, बाबा रे, आमची केस अजून चालायचीय, मला काय घाई? कालच दिला त्याने दुसऱ्याला. केक करणारी बाई आहे कुणी."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. अलाऊ. परवानगी! घरात, शाळेत, सिनेमाच्या दारात जो अर्थ, तोच काकांनी घेतला होता. दुसरा कुठला घेणार? कोर्टात अपील अलाऊ होणं म्हणजे अपील करणारा जिंकणं, हे काळा कोट न घालणाऱ्या माणसाला कोण सांगणार? सांगायचं काम तिचं होतं. आणि ते 'लढू या'! त्यालाच ती त्यांची हिंमत समजून बसली होती.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पळवाट अजूनही होती, आणि शरमेची गोष्ट अशी की ती तिला लगेच सुचली. 'काका, तुमचा गैरसमज झाला,' एवढं म्हटलं की काम भागलं असतं. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण समोर ते यंत्र होतं, प्लॅस्टिकमधलं.

"काका," ती म्हणाली, "आपण हरलो."

"कधी?"

"त्याच दिवशी. अलाऊ म्हणजे मालक जिंकला. आठ आठवडे जागा सोडायला दिलेत. मी नीट लिहायला हवं होतं. आधी नीटच लिहिलं होतं, पण पुसलं. मला लाज वाटली हरल्याची."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "माझ्या गाळ्यापेक्षा तुमची लाज मोठी झाली का हो, ताई?" आणि वकीलपत्रावर सही करून दिली.

ताईने ऑफिसात येऊन मामांना सगळं सांगितलं. एक शब्द झाकला नाही. मामा चिडतील, 'मी म्हटलं नव्हतं' म्हणतील, म्हणून ती मान खाली घालून उभी होती. मामांनी तिच्या हातातलं वकीलपत्र घेतलं. "वरच्या कोर्टात मी उभा राहतो," एवढंच म्हणाले. तिला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरच्या कोर्टाने निकालात हात घालायला नकार दिला. मामांनी खूप गळ घातली तेव्हा थोडी मुदत वाढली, तीही काकांनी जागा सोडायची लेखी हमी दिल्यावर. त्या दिवशी मेसेज ताईनेच लिहिला. "काका, वरच्या कोर्टातही आपण हरलो. स्टे मिळाला नाही, म्हणजे जागा सोडणं थांबणार नाही. महिनाअखेर दुकान रिकामं करून चावी मालकाला द्यावी लागेल. त्यानंतर एक दिवसही मिळणार नाही." स्टे हा शब्द तिने ठेवला, तो काकांच्या रोजच्या बोलण्यातला होता. शेजारी अर्थ लिहिला. तीनदा वाचून पाठवला आणि मग फोनही केला.

"समजलं, ताई," काका फोनवर म्हणाले. "एक काम होतं. जमलं तर येऊन जा."

ती गेली तेव्हा अर्ध्या फ्रेमा खोक्यांत गेल्या होत्या. यंत्र विकणाऱ्याने परत न्यायचं कबूल केलं होतं, पण तोटा काकांनी सोसायचा. काकांनी तिच्यापुढे एक पांढरा पुठ्ठा आणि जाड काळा पेन ठेवला.

"गिऱ्हाइकांसाठी पाटी लावायचीय. किती जणांचे चष्मे माझ्याकडे तयार पडलेत. तुम्ही लिहून द्याल का? माझं अक्षर बरं नाही."

अक्षर! आयुष्यभर लोकांना अक्षरं वाचायला लावणारा माणूस. टोमणा होता का? ताईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. खरंच मागत होते. तेच तिला सोसेना.

'शिफ्ट' लिहावं असं क्षणभर वाटलं. सगळे तेच लिहितात, वाचायलाही बरं वाटतं. पण शिफ्ट कुठे? जायला जागा होती ती तिने घालवली होती. ती खाली बसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे दुकान बंद होत आहे. आपले तयार चष्मे महिनाअखेरच्या आत घेऊन जावेत. नंतर मिळणार नाहीत.'

काकांनी पुठ्ठा उचलला, लांब धरला, ओठ हलवत सगळं वाचलं.

"हं," ते म्हणाले. "हे कसं, कुणालाही कळेल."

आणि शटरवर लावायला चिकटपट्टी शोधू लागले.