साडेसातचा दंगा

साडेसातला जिन्यात पावलं वाजली आणि तिनं कपाळाला हात लावला. नवरा गॅरेजमधून आला होता. आता तो घोडा होणार, उशांची मारामारी होणार, दोन वर्षांची लेक चिमणी हवेत उडणार आणि साडेदहापर्यंत घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

ती बस चालवायची. पहिली गाडी पहाटे पाचची. आज सकाळी सिग्नलपाशी तिला डुलकी लागली होती, दोनच क्षण. "बाई, ब्रेक!" कंडक्टर ओरडला, तेव्हा बस पुढच्या स्कूटरपासून हातभर अंतरावर थांबली. मागे चाळीस माणसं! घरी यातलं एक अक्षरही तिनं काढलं नव्हतं.

"अजून एक फेरी!" नवरा गुडघ्यांवर धावत होता.

"अरे, पुरे आता."

"दमू दे गं. दमली की ढाराढूर झोपेल."

"तीन आठवडे हेच ऐकतेय! झोपते का?"

चिमणी खिदळत होती. डोळे लालबुंद, एक हात सारखा कान चोळतोय. मग काही कारण नसताना तिनं भोकाड पसरलं. आईनं नवऱ्याचा पंजा ओढून लेकीच्या छातीवर दाबला.

"बघ, कशी धडधडतेय! झोप हिला मघाशीच आली होती, आपण उडवून लावली. दमलीय म्हणूनच तर नाचतेय ही. पळापळी काय ती संध्याकाळी, झोपायच्या दोन तास आधी. मग सगळं शांत."

"मी सातला सुटतो! दिवसात हा एकच तास माझा, तोही काढून घे!"

"मग नको खेळूस!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. पण आता आवरेना. "आज स्टेअरिंगवर झोपले होते मी. कळलं?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मालकाच्या हातापाया पडून जेवणाची सुट्टी साडेपाचला घेतली. अर्धा तास मैदानात चिमणीमागे धाव धाव धावायचा आणि परत गॅरेजात. दुपारचं जेवण उभ्या उभ्याच. जाण्यायेण्यात बुडलेला वेळ भरून देऊन घरी पोचायला रात्री साडेआठ. घरी साडेसहाला चिमणीचा वरणभात, कोमट अंघोळ, मग एकच मंद दिवा आणि तेच चित्रांचं पुस्तक. पहिले तीन दिवस ती कुरकुरली. चौथ्या दिवशी आठला पुस्तक संपायच्या आत झोपली.

तो आला तेव्हा बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. दारातूनच त्यानं लेकीकडे पाहिलं.

"माझी आठवण काढली का गं?"

खोटं बोलायला तिला एक क्षण पुरला असता. "नाही रे. तिला झोप आली होती."

त्यानं मान हलवली. त्याच्याजवळ बसावंसं वाटत होतं, तरी बायकोचे डोळे मिटायला लागले होते. मेली झोपही कशी बेशरम! "जा, नीज तू," तो म्हणाला.

मग स्वयंपाकघराचं दार लोटून तो जमिनीवर बसला आणि ताटलीचा आवाज होऊ नये म्हणून चमचा न घेताच जेवला.